कंसातले शब्द : ‘ग्राम्य’, ‘अश्लील’, ‘निंदार्थी’ या कोशनिर्देशांचा इतिहास

१

शब्दकोशातील नोंद वाचताना आपली नजर शब्दावरून थेट अर्थावर जाते. या दोहोंच्या मध्ये कंसात जो एखादा लहानसा निर्देश असतो तो व्याकरणाच्या खुणेसारखा, म्हणजे ‘पु.’ किंवा ‘स्त्री.’ यांच्या पंक्तीतला, समजून आपण पुढे सरकतो. ‘(ग्राम्य)’, ‘(अशिष्ट)’, ‘(निंदार्थी)’ हे निर्देश मात्र लिंगवचनासारखे शब्दाच्या रूपावरून ठरत नाहीत. हा शब्द कोणी, कोणासमोर, कोणत्या हेतूने उच्चारला, याविषयी कोशकाराने केलेले ते विधान असते, आणि तरी ते शब्दाचा अंगभूत गुण असल्यासारखे छापलेले असते. प्रयोगाचे लक्षण शब्दाच्या माथी कसे मारले गेले, याचा मागोवा घेण्याचा येथे प्रयत्न आहे.

आरंभ संस्कृत काव्यशास्त्रापासून करावा लागतो, कारण मराठी कोशांनी वापरलेल्या परिभाषेतील ‘ग्राम्य’ आणि ‘अश्लील’ हे दोन कळीचे शब्द तेथून आलेले आहेत. वामनाने पददोषांची गणना करताना, जो शब्द केवळ लोकच वापरतात, शास्त्रात जो आढळत नाही, तो ग्राम्य, अशी व्याख्या केली. या व्याख्येत असभ्यतेचा कोठेही उल्लेख नाही. पुढे मम्मटाने ग्राम्यत्वाचे उदाहरण म्हणून ‘कटि’ हा शब्द दिला. हा शब्द शुद्ध संस्कृत आहे, अवयव झाकण्याजोगा नाही, आणि मराठीत तर ‘कटिबद्ध’सारख्या भारदस्त सामासिक शब्दात तो सुखाने नांदतो. मम्मटाच्या दृष्टीने त्याचा दोष इतकाच की तो सर्वांच्या तोंडी होता. विदग्धाने त्याऐवजी दुसरा शब्द योजावा अशी अपेक्षा होती. म्हणजे ‘ग्राम्य’ हा निर्देश शब्दाच्या अर्थाबद्दल काहीच सांगत नव्हता. तो बोलणाऱ्यांचा वर्ग सांगत होता.

त्याच दोषप्रकरणात मम्मटाने केलेली दुसरी एक नोंद आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. हलक्या प्रकृतीच्या पात्राच्या तोंडी ग्राम्य शब्द आला तर तो दोष राहत नाही, गुण होतो. दोषांची नित्य आणि अनित्य अशी विभागणी करणाऱ्या परंपरेला हे सहज सुचले, कारण तिच्यापुढे शब्दांची यादी नव्हती. तिच्यापुढे वक्ता, श्रोता आणि प्रसंग यांनी युक्त असे वाक्य होते. कोशाची अडचण नेमकी येथे आहे. कोशात शब्द एकटा उभा असतो. त्याला वक्ता नसतो, म्हणून वक्त्याचा दोष शब्दालाच चिकटवावा लागतो.

इंग्रजी ‘व्हल्गर’ या शब्दाची वाटचाल ‘ग्राम्य’शी इतकी समांतर आहे की दोन्ही समाजांतील कोशकारांची मनोवृत्ती एकच असावी असे वाटावे. लॅटिनमध्ये ‘वुल्गुस’ म्हणजे जनसामान्य. बायबलचे लॅटिन भाषांतर ‘वुल्गाता’ म्हणवले गेले ते सर्वत्र प्रचलित म्हणून. फ्रान्सिस ग्रोसने १७८५ मध्ये ‘व्हल्गर’ बोलीचा जो कोश प्रसिद्ध केला त्याच्या नावात हा शब्द दोन्ही अर्थांनी वाचता येतो : लोकांची बोली आणि असभ्य बोली. पुढच्या शतकात पहिला अर्थ मागे पडला, दुसरा पुढे आला, आणि लोकांचे ते असभ्य हे समीकरण शब्दाच्या पोटात कायमचे शिरले.

ग्रोसच्या तीस वर्षे आधी, १७५५ मध्ये, सॅम्युएल जॉन्सनचा कोश निघाला. त्यातील निर्देश वरवर चाळले तरी एक विसंगती जाणवते. आज इंग्रजी शाळेतील लहान मुलाच्या तोंडी असणारा ‘फन’ हा शब्द जॉन्सनने हलका आणि चोरबोलीतला ठरवला. ‘क्लेव्हर’लाही त्याने हलका शब्द म्हटले, आणि तो थट्टेत किंवा बोलण्यातच येतो, मनुष्याला आवडलेल्या कशालाही निश्चित अर्थाविना लावला जातो, अशी तक्रार केली. ‘बँटर’ तर त्याला रानटी वाटला, कारण त्याची व्युत्पत्ती लागत नव्हती. उलट मलमूत्रादी देहधर्मांचे कित्येक रोखठोक शब्द त्याने कोशात घेतले आणि त्यांतील काहींना कोणताही निर्देश लावला नाही. जुन्या लेखकांनी ते वापरले होते एवढा दाखला त्याला पुरेसा होता. याचा अर्थ असा की जॉन्सनच्या लेखी ‘हलका’ आणि ‘लाज वाटण्याजोगा’ या दोन स्वतंत्र गोष्टी होत्या. ‘फन’चा अपराध नवेपणाचा होता. त्याला कुळ नव्हते. अठराव्या शतकातील तो निर्देश आज वाचताना शब्दाविषयी काहीच कळत नाही. १७५५ मध्ये लंडनमधील एका विद्वानाला कोणाची भाषा खटकत होती, एवढे मात्र निश्चित कळते.

मराठीत याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. पत्नी या अर्थाचा ‘बाईल’ हा शब्द संतवाङ्मयात सरळ व निर्देशविरहित अर्थाने येतो. आजच्या प्रमाण मराठीत तो स्वतंत्रपणे जवळजवळ उरलेला नाही. उरला आहे तो ‘बाईलबुद्ध्या’, ‘बायल्या’ अशा हेटाळणीच्या शब्दांत. त्यामुळे मूळ शब्दावरही ग्राम्यतेची छाया पडते. पण गोव्यात कोकणी बोलणाऱ्या घरी ‘बायल’ हा शब्द आजही स्त्री व पत्नी या अर्थी निर्मळपणे वापरला जातो. ‘दादला’ या शब्दाचीही गत अशीच : इकडे तो भारुडात आणि खेड्यात, तिकडे ‘दादलो’ म्हणजे साधा पुरुष. पुण्यात बसून ‘बाईल’समोर ‘ग्राम्य’ असे लिहिणारा कोशकार शब्दाचा दर्जा नोंदवत नसतो. तो स्वतःचे गाव सांगत असतो.

य. रा. दाते, चिं. ग. कर्वे आदींनी संपादिलेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२–३८, सात विभाग, पुरवणी १९५०) हा या संदर्भात विशेष विचार करण्याजोगा ग्रंथ आहे. वऱ्हाडी, कोकणी, गोमंतकी, कुडाळी अशा बोलींचे शब्द त्याने आस्थेने गोळा केले आणि प्रत्येकासमोर स्थळाचा निर्देश दिला. याबद्दल मराठी भाषा त्याची ऋणी आहे. परंतु स्थळनिर्देशांच्या शेजारीच ‘ग्राम्य’ हा निर्देशही येतो. वऱ्हाडी हे स्थळ आहे, ग्राम्य हे स्थळ नव्हे. त्याला नकाशावर जागा नाही. हा शब्द खेड्यात बोलतात, अशिक्षित बोलतात, की तो चारचौघांत उच्चारू नये, या तीन सर्वस्वी भिन्न गोष्टींपैकी कोणती अभिप्रेत आहे हे निर्देशावरून कळत नाही. प्रमाण मराठीला अर्थातच कोणतीही खूण लागत नाही. जिला खूण लागत नाही तीच भाषा प्रमाण, इतकी सोपी ही व्याख्या आहे.

२

‘अश्लील’ची कथा वेगळी आहे. ‘अश्रील’, म्हणजे श्री नसलेले, हे त्याचे मूळ रूप. लैंगिकतेशी त्याचा संबंध मुळात नव्हता. मम्मटाने अश्लीलत्वाचे तीन प्रकार सांगितले आहेत : लज्जा उत्पन्न करणारे, जुगुप्सा उत्पन्न करणारे आणि अमंगल सूचित करणारे. त्याची उदाहरणेही बोलकी आहेत. ‘साधन’ म्हणजे सैन्य, पण त्यातून पुरुषाचे गुह्यांग सूचित होते म्हणून लज्जा. ‘वायु’मधून अपानवायू सुचतो म्हणून जुगुप्सा. आणि प्रियेच्या संदर्भात, ती दिसेनाशी झाली एवढ्याच अर्थाने ‘विनाश’ हा शब्द आला, तरी त्यातून मरण सुचते म्हणून अमंगल. तिन्ही शब्द स्वतःशी निष्कलंक आहेत. दोष निर्माण होतो तो व्यंजनेतून.

पाश्चात्य कोशांतील ‘टॅबू’ हा निर्देश या तीनपैकी पहिल्या दोहोंपुरताच आहे. ही निषिद्धता कोशकारांनी कशी हाताळली याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला म्हणजे ऑक्सफर्डचा बृहत्कोश. इंग्रजीत कधीही वापरला गेलेला प्रत्येक शब्द ऐतिहासिक अवतरणांसह नोंदवायचा ही त्याची प्रतिज्ञा. ‘सी’ आणि ‘एफ’ ही अक्षरे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पूर्ण झाली तेव्हा संभोगवाचक आणि स्त्रीच्या गुह्यांगाचा वाचक असे दोन अतिप्राचीन शब्द गाळण्यात आले. संततिप्रतिबंधक साधनाच्या नावाविषयी मरे यांच्याकडे एका साहाय्यकाने, जो स्वतः वैद्यक व्यवसायातला होता, ते छापण्याच्याही पलीकडचे अश्लील आहे असे कळवले होते. तो शब्दही गळला. येथे निर्देशच नाही, कारण नोंदच नाही. अनुल्लेख हा सर्वांत कडक निर्देश होय, आणि तो वाचकाला दिसत नाही हे त्याचे सामर्थ्य.

हा अनुल्लेख भाषाशास्त्राने मोडला असे नाही. तो न्यायालयाने मोडला. १९६० मध्ये लंडनच्या खटल्यात ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ची प्रकाशनसंस्था पेंग्विन निर्दोष सुटली. त्याच पेंग्विनच्या १९६५ च्या इंग्रजी कोशात संभोगवाचक शब्द आला. ऑक्सफर्डच्या नव्या पुरवणीच्या पहिल्या खंडात, १९७२ साली, दोन्ही शब्द सविस्तर अवतरणांसह दाखल झाले. १८९० नंतरच्या ऐंशी वर्षांत शब्द बदलले नव्हते, त्यांचा वापरही बदलला नव्हता. बदलली होती ती छापणाऱ्यावर खटला होण्याची शक्यता. म्हणून त्या काळातील ‘निषिद्ध’ या निर्देशाचा प्रामाणिक अनुवाद ‘छापल्यास धोका’ असाच करावा लागेल.

आता मम्मटाच्या तिसऱ्या प्रकाराकडे वळू. मराठी माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली तर ती ‘वाढवली’ म्हणायचे. मंगळसूत्र तुटले तर तेही ‘वाढले’. दिवा विझवायचा नसतो, मालवायचा असतो. या सर्व ठिकाणी एक साधा शब्द टाळून दुसरा वापरला जातो, आणि टाळण्यामागील भीती कोणत्याही शिवीला टाळण्यामागील संकोचापेक्षा खोल असते. भाषिक निषिद्धतेचे याहून शुद्ध उदाहरण सापडणे कठीण. पण ‘फुटणे’ या क्रियापदाच्या नोंदीत, बांगडीच्या संदर्भात हा शब्द निषिद्ध आहे, असा निर्देश कोणता कोश देतो? ‘वाढवणे’च्या नोंदीत हा गौण अर्थ मिळतो, पण जो शब्द टाळला गेला त्याच्यासमोर कंस रिकामा राहतो. आपल्या कोशकारांनी ‘अश्लील’ हा शब्द परंपरेतून घेतला, पण त्याची अमंगलाची शाखा छाटून. उरलेला अर्थ व्हिक्टोरियन होता. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला तेव्हा कृतीतील अमंगलाला प्रथमच इतका उघड विरोध झाला. शब्दांतील अमंगलाची साधी नोंदही कोशात व्हायची आहे. या मुद्द्याकडे शेवटी पुन्हा यावे लागेल.

३

‘अनौपचारिक’ किंवा ‘बोलीतील’ हा निर्देश यांपैकी सर्वांत निरुपद्रवी वाटतो, आणि म्हणूनच त्याचा अनुभव लक्षात घेण्यासारखा आहे. वेबस्टरच्या १९३४ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘कलोक्वियल’ हा निर्देश विपुल होता. सुशिक्षित माणूस संभाषणात जे सहज बोलतो ते, एवढाच त्याचा संपादकांना अभिप्रेत अर्थ होता, आणि तो प्रास्ताविकात सांगितलाही होता. परंतु प्रास्ताविक कोणी वाचत नाही. शिक्षकांनी त्या निर्देशाचा अर्थ ‘चूक’ असा घेतला आणि निबंधांतून असे शब्द लाल शाईने खोडायला सुरुवात केली. १९६१ च्या तिसऱ्या आवृत्तीचे संपादक फिलिप गोव्ह यांनी यावर उपाय म्हणून तो निर्देशच काढून टाकला. संदर्भावाचून सुटा शब्द औपचारिक की अनौपचारिक हे ठरवता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. मम्मटाला तो पटला असता.

पण परिणाम उलटा झाला. निर्देश गेला म्हणजे सर्व शब्द सारख्याच मान्यतेचे झाले, असा अर्थ वृत्तपत्रांनी काढला. ‘एन्ट’ या रूपाच्या नोंदीत, अनेकांना ते पसंत नाही आणि अल्पशिक्षितांत ते अधिक आढळते, अशी सावधगिरीची टीप होती. गाजावाजा झाला तो मात्र, सुसंस्कृत वक्तेही ते बोलतात, या उत्तरार्धाचा. कोशाने भाषेचा बांध फोडला अशी ओरड झाली. त्या प्रतिक्रियेतून १९६९ मध्ये ‘अमेरिकन हेरिटेज’ कोश निघाला. त्याने सुमारे शंभर लेखक, संपादक व विद्वानांचे मंडळ नेमून वादग्रस्त प्रयोगांवर मते मागवली आणि ती नोंदीखाली दिली. त्या मंडळात कोण कोण होते ते कोशातच छापलेले असल्यामुळे निर्देशामागील माणसे तेथे प्रथमच उघड झाली. हे मंडळ २०१८ मध्ये बरखास्त झाले. गंमत अशी की परंपरेच्या कैवारासाठी निघालेल्या याच कोशाने संभोगवाचक शब्द पहिल्या आवृत्तीत घेतला, आणि ज्याच्यावर स्वैराचाराचा आरोप झाला त्या वेबस्टरमध्ये तो नव्हता.

या प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. निर्देशाचा अर्थ कोशकाराच्या मनातल्या व्याख्येने ठरत नाही. वाचक त्याचा उपयोग कशासाठी करतो यावर तो ठरतो. ‘बोलीतील’ असे लिहिले की मराठी शाळेतही ते ‘शुद्धलेखनाच्या वहीत नको’ असेच वाचले जाणार. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला तेव्हा प्रस्तावनाकार विजय तेंडुलकरांना आपल्याला न कळलेल्या शब्दांची चर्चा करावी लागली. त्या शब्दांना तोवर ‘अशिष्ट’ हा निर्देशही मिळालेला नव्हता. निर्देश मिळण्यासाठी आधी कोशात प्रवेश मिळावा लागतो.

४

‘निंदार्थी’ या निर्देशाने सर्वांत कठीण प्रश्न उभा केला आहे, कारण येथे दुखावला जाणारा माणूस कोशाबाहेर जिवंत उभा असतो. ज्यूंचे नाव क्रियापदासारखे व लबाड सावकार या अर्थी वापरण्याच्या नोंदीबद्दल सॅलफर्ड येथील एका ज्यू व्यापाऱ्याने ऑक्सफर्डच्या छापखान्यावर दावा लावला. १९७३ मध्ये उच्च न्यायालयाने तो फेटाळला. नोंदीतील शब्द वादीला व्यक्तिशः उद्देशून आहेत असे दाखवता येत नाही, हे कारण देण्यात आले. कोशाचे संपादक रॉबर्ट बर्चफील्ड यांची भूमिका अशी की वापर झाला असेल तर तो नोंदवणे हे कोशाचे कर्तव्य, आणि तो अवमानकारक आहे हे निर्देशाने सांगितले की कोशाची जबाबदारी संपली.

ती इतक्या सहजी संपत नाही हे १९९७ च्या अमेरिकेतील प्रकरणाने दाखवले. मेरियम-वेबस्टरच्या महाविद्यालयीन कोशात कृष्णवर्णीयांसाठीच्या सर्वांत हीन शब्दाची नोंद ‘काळा मनुष्य’ अशा सरळ अर्थाने सुरू होत होती आणि हा शब्द बहुधा अवमानकारक मानला जातो, ही टीप अर्थानंतर येत होती. कृष्णवर्णीय वाचकांनी विचारले, की मग हा शब्द म्हणजे आम्हीच का? त्यांचा आक्षेप व्याकरणाच्या दृष्टीनेही अचूक होता. अर्थ आधी दिला म्हणजे शब्द आणि माणूस यांत समीकरण मांडले जाते, आणि ते मांडणारा आवाज कोशाचा असतो. मागून आलेली टीप त्या समीकरणावरचा शेरा ठरते. तीच टीप अर्थाआधी आली तर समीकरण मांडणारा शिवी देणारा मनुष्य ठरतो, आणि कोश फक्त त्याचे म्हणणे सांगतो. कोशाच्या संपादकांनी पुढच्या आवृत्तीसाठी अशा शब्दांच्या नोंदींत निर्देश पुढे आणण्याचे ठरवले. चार-पाच शब्दांची जागा बदलली, एवढेच. परंतु ‘बहुधा मानला जातो’ या कर्मणी रचनेत मानणारा कोण हे अजूनही लपलेले राहते. ज्याला शिवी लागते त्याला ती ‘मानावी’ लागत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचे रूप जातिनामांचे आहे, आणि त्याचे सर्वांत सूक्ष्म विवेचन एका न्यायनिर्णयात सापडते. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांना प्रतिबंध करणाऱ्या १९८९ च्या कायद्याखाली, स्वरणसिंग प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये असे म्हटले की चामड्याचे काम करणाऱ्या जातीचे नाव हे व्युत्पत्तीने केवळ जातिवाचक असले तरी प्रश्न व्युत्पत्तीचा नाही. आज लोक तो शब्द कोणत्या अर्थाने वापरतात ते पाहावे लागेल, आणि तथाकथित वरच्या जाती तो अपमानासाठी वापरतात. कायद्याच्या रचनेत आणखी तीन अटी आहेत : बोलणारा त्या जाती-जमातींबाहेरचा असावा, हेतू अपमानाचा असावा, आणि ते लोकांच्या दृष्टिपथातील ठिकाणी घडावे. वक्ता, हेतू, प्रसंग. काव्यशास्त्राने दोषासाठी ज्यांचा विचार केला तेच घटक येथे पुन्हा आले, आणि कोशातील ‘निंदार्थी’ या तीन अक्षरांत मावत नाही ते सगळे कायद्याने मांडून दाखवले. तोच शब्द जातीच्या दाखल्यावर येतो तेव्हा गुन्हा नाही, आणि त्या जातीचा लेखक आपल्या आत्मकथनात तो अभिमानाने किंवा वेदनेने लिहितो तेव्हाही नाही.

निर्देशाला तारीखही असावी लागते. ‘हरिजन’ हा शब्द आदराच्या भावनेने रूढ केला गेला. डॉ. आंबेडकरांच्या परंपरेने त्यातील उपकारभाव ओळखून तो नाकारला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही अपमानासाठी वापरला जातो असे म्हटले. जुन्या कोशातील त्याची निर्देशविरहित नोंद म्हणजे त्या काळातील सद्‌भावनेचा पुरावा, पण आजच्या कोशात तीच नोंद तशीच छापणे हा निष्काळजीपणा. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. ‘महारवाडा’ हा शब्द पाटीवरून जाणे उचितच आहे. कोशातून तो गेला तर मात्र आत्मकथने वाचणाऱ्या विद्यार्थ्याला गावाची रचनाच कळणार नाही.

५

या सर्व निर्देशांची कसोटी एका शब्दावर घेऊन पाहू. संस्कृत ‘रण्डा’पासून आलेला ‘रांड’ हा शब्द. त्याचा पहिला अर्थ विधवा. ‘बालरंडा’ म्हणजे बालविधवा. मराठीत ‘रांडाव’ हा वैधव्य या अर्थीचा शब्द, ‘रांडावणे’ हे क्रियापद, आणि खेड्यापाड्यात ‘रंडकी’ हे रूप. ‘रांडापोरं’ म्हणजे घरातला कर्ता गेल्यावर मागे राहिलेली बायकामुले. या शब्दांत वर्णन आहे, दुःख आहे. निंदा नाही. दुसरा अर्थ शिवीचा, आणि त्यातही वेश्या या अर्थाकडे झुकलेला. हिंदीत तर ‘राँड’ आणि ‘रंडी’ अशी दोन रूपे होऊन अर्थ वाटून घेतले गेले. तिसरा वापर ‘रांडेचा’, ‘रांडेच्या’ या उद्गारांचा. शब्दशः ती जबर शिवी आहे, पण गावात आजोबा नातवाला कौतुकाने म्हणतात तेव्हा तिच्यात निंदेचा लवलेशही नसतो.

रूढ पद्धतीने या शब्दापुढे ‘(अशिष्ट)’ असा एकच निर्देश ठेवला तर काय होते? तो तिन्ही अर्थांना व्यापतो. मग ‘रांडाव’ हा शब्द वाचलेल्या विद्यार्थ्याला वाटते की लेखकाने शिवी दिली. निर्देश शब्दाला न लावता अर्थाला लावला तर ही अडचण बरीच सुटते. पण खरी अडचण पुढे आहे : पहिल्या अर्थातून दुसरा निघाला कसा? विधवा हा शब्द शिवी व्हावा असे त्या अवस्थेत काय होते? पत्नी गेलेल्या पुरुषासाठी हिंदीत त्याच धातूकुळातला ‘रँडुआ’ हा शब्द आहे, आणि तो फार तर थट्टेचा झाला, शिवी झाला नाही. फरक आहे तो अमंगलाचा. विधवेचे दर्शन अशुभ, तिचे नाव शुभकार्यात घ्यायचे नाही, केशवपनाने तिचे रूपही पालटायचे, अशा व्यवस्थेत तिचा वाचक शब्द मम्मटाच्या तिसऱ्या अर्थाने आधीच अश्लील झालेला होता. लज्जेची अश्लीलता नंतर आली, संशयातून : पती नसलेली स्त्री कोणाची? पहिला टप्पा कोशाला दिसला नाही, कारण अमंगलासाठी त्याच्याकडे निर्देशच नव्हता. म्हणून मधली पायरी गाळून थेट ‘१ विधवा. २ वेश्या.’ असे दोन अर्थ शेजारी शेजारी छापले जातात, आणि त्यांच्यामधला पूर्णविराम किती काय गिळून बसला आहे याची कल्पनाही वाचकाला येत नाही.

त्या भीतीने दुसऱ्या टोकाला सौम्य शब्दही निर्माण केले. कागदपत्रांत विधवेच्या नावाआधी ‘गं. भा.’, म्हणजे गंगाभागीरथी, हा आदराचा उपसर्ग लावीत. त्यात निंदा नाही, तरीही स्त्रीच्या नावाआधी तिचे वैधव्य सांगण्याची सक्ती आहे. ‘विधवा’ऐवजी हाच शब्द अधिकृतपणे वापरावा अशी सूचना २०२३ मध्ये महाराष्ट्रात एका मंत्र्यांकडून पुढे आली तेव्हा स्त्रियांच्या संघटनांनी तिला कडाडून विरोध केला. कोशाच्या परिभाषेत हा शब्द ‘आदरार्थी’ आहे. ज्यांना तो लावायचा होता त्यांना तो आदर वाटला नाही.

माझ्या मते ‘रांड’ची नोंद अशी असावी : पहिल्या अर्थाआधी ‘जुन्या मराठीत व आज ग्रामीण बोलीत वर्णनपर; प्रमाण लेखनात टाळला जातो, कारण वैधव्य अमंगल मानले जाई’. दुसऱ्या अर्थाआधी ‘स्त्रीला उद्देशून, अपमानाच्या हेतूने’. तिसऱ्याआधी ‘वडीलधाऱ्याने लहानास म्हटल्यास लडिवाळ, समवयस्कात शिवी’. अशी नोंद लांबते, आणि कोशाच्या पानाला किंमत असते हे खरे. दाते-कर्वे यांना सात विभागांत सगळी भाषा मावावयाची होती, आणि त्यांच्यावर हे ओझे टाकणे अन्यायाचे होईल. आजच्या कोशकाराला मात्र जागेची सबब सांगता येणार नाही. त्याच्यापुढची खरी अडचण ‘रांडाव’ या शब्दाची आहे. माणदेशातील एखादी वृद्धा स्वतःविषयी बोलताना तो उच्चारते तेव्हा त्यात निंदा नसते, ग्राम्यता असेल तर ती फक्त ऐकणाऱ्याच्या कानात असते, आणि अमंगल तर तिच्या दृष्टीने घडून गेलेले असते. तिच्या त्या शब्दापुढे कंस काढायचा झाला तर त्यात कोणाचे नाव लिहायचे?